कडामास्तरांचं स्टिकर

मास्तर कुठल्याही शाळेत नव्हते. त्यांचं दुकान होतं: फोटो, छपाई, डिझाइन. जिन्याखालची खोली, काचेचं दार, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाने बसायचं एक स्टूल, जे डुगडुगत असे. मास्तर म्हणायचे, स्टूल मुद्दाम तसं आहे, माणूस फार वेळ बसत नाही. फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून, झाडापासून, नकोशा नातेवाइकापासून अलगद कापून काढणं हे त्यांचं खास काम. पूर्वी छापखान्यात ते हे काम ब्लेडने करत, आता माउसने करतात. पण ब्लेड असो की माउस, वाक्य एकच. कुणीही कसलंही काम पुढे केलं की, "आधी कडा बघू." म्हणून ते कडामास्तर. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी आधी टेबलक्लॉथची शिवण बघितली, असं त्यांचा धाकटा भाऊ सांगतो. बायको ते नाकारत नाही.

घरात तीन माणसं होती, त्यातलं एक गेलं वर्षभर परगावी होतं. ती त्यांची मुलगी. हे जाणं नोकरीसाठी होतं असं मास्तर सगळ्यांना सांगत आणि ते खरंही होतं. अर्धं.

उरलेलं अर्धं असं. दुकानात चॅटच्या स्टिकरचं काम तिनेच आणलं. बाळाचं स्टिकर, आजोबांचं स्टिकर, कुत्र्याचं स्टिकर. मास्तर आधी नाक मुरडत, "एवढ्याशा चित्राला कसली कडा?" मग एकदा हौसेने एक कापून बघितलं आणि अडकले. नियम मुलीने सांगितले. चौकोन पाचशे बारा पिक्सेलचा, लांबीला आणि रुंदीलाही. पार्श्वभूमी पारदर्शक. चारी बाजूंनी सोळा पिक्सेल मोकळे सोडायचे. आकृतीभोवती आठ पिक्सेलची पांढरी किनार. फाईल शंभर केबीच्या आत. मास्तरांना नियम भयंकर आवडले. त्यांना वाटलं, ज्याने कुणी हे ठरवलं तो त्यांच्याच छापखान्यातला असावा. तेव्हापासून मास्तर कापत आणि मुलगी आकार घालून, फाईल करून, गिऱ्हाइकाच्या फोनवर चढवून देई. एका संचात निदान तीन स्टिकर लागतात, ते कुठून कसे चढवायचे, ही भानगड मास्तरांनी कधी शिकून घेतली नाही. ती होती ना.

मग एक दिवस गर्दी होती आणि मुलीने एका जोडप्याचा फोटो फोनवरच कापला. बोट दाबून धरलं की फोन स्वतःच माणूस उचलून देतो, तसा. नवऱ्याचे केस कुरतडलेले आणि बायकोच्या बांगड्यांमध्ये मागची भिंत तशीच. जोडपं खूश होतं. मास्तर नव्हते. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "ही कडा आहे की उंदराने खाल्लंय?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, लोकांना कडा दिसत नाही. तुम्हालाच दिसते."

"मग माझ्या दुकानात ज्याला दिसते त्यानेच काम करावं."

तिने ते शब्दशः घेतलं. परगावी एका कंपनीत तिला आधीच बोलावणं आलेलं होतं, ते तिने स्वीकारलं. तेव्हापासून बापलेकीत अक्षर नाही. ती आईला फोन करी, आई मध्ये उभी राहून दोन्हीकडचे निरोप पोचवी. "बाबांना सांग औषध घ्यायला." "तिला सांग घेतो म्हणून." दोघंही एकाच मुशीतली, त्यामुळे आधी कोण बोलणार याचा निकाल लागत नव्हता. मास्तरांना तिची आठवण येई, फार येई. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांनी कुणाला बसू दिलं नव्हतं. पण चूक तिची होती, कडा खरोखर वाईट होती, आणि वाईट कडेला चांगली म्हणणं त्यांच्या जिवावर येई.

अशात घरच्या ग्रुपवर ते स्टिकर आलं.

भावाने विचारलं होतं, रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला येता का? त्यावर भावजयीने मास्तरांचं चित्र टाकलं. कपाळाला आठ्या, एक बोट वर, चष्मा नाकावर, चष्म्याची दोरी दोन्ही गालांशेजारून खाली लोंबलेली. खाली लिहिलेलं: "नाही." सगळे हसले. म्हणजे हसण्याची पिवळी तोंडं टाकली. मुलीने काही टाकलं नाही. ती ग्रुपवर असे, पण मास्तर जिथे बोलत तिथे ती काही लिहीत नसे.

मास्तरांना राग आला. बायकोला वाटलं, नवऱ्याची थट्टा झाली म्हणून आला. ती समजूत घालायला गेली. "अहो, घरचीच माणसं आहेत. गंमत करतात."

"गंमत गेली खड्ड्यात. हा कान बघ."

तिने बघितला. उजवा कान नव्हता. कानाच्या जागी सरळ सुरी फिरवलेली.

"आणि हे बोट बघ. वर चौकोनाला टेकलंय. सोळा सोडायला नको? किनार तर नावालाही नाही."

किनार नसल्याची शिक्षा मास्तरांना दुहेरी भोगावी लागत होती. बायकोच्या फोनवर चॅटचा रंग फिकट, त्यावर मास्तरांचा पांढरा शर्ट विरघळून जाई आणि नुसतं मुंडकं तरंगे. भावाच्या फोनवर काळा पडदा, तिथे शर्ट ठसठशीत दिसे, पण कलप लावलेले काळेभोर केस काळ्यात मिसळून जात. म्हणजे एका घरात मास्तर बिनधडाचे, दुसऱ्या घरात टकले. एवढ्यासाठीच तर ती पांढरी किनार असते, मागे काहीही असलं तरी माणूस अख्खा राहतो. हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला काय त्यातलं कळतं?" आणि भाजी ढवळायला निघून गेली.

स्टिकर मात्र चांगलंच चाललं. कुणी दुपारी झोपू का विचारी, त्याला मास्तर. कुणी अजून एक चहा घेऊ का म्हणे, त्याला मास्तर. मास्तरांनी आयुष्यात जितक्या वेळा नाही म्हटलं नसेल तितक्या वेळा आठवडाभरात म्हणून झालं, आणि प्रत्येक वेळी एका कानाने. अपमान ते गिळू शकले असते. त्यांनी मोठमोठे गिळले होते. पण कान गिळता येईना.

त्यांनी भावाला फोन लावला. "हे कुणी केलं?"

"मला काय ठाऊक, दादा? हिला कुठून तरी आलं. चित्रावर बोट लावून बघ ना, नाव असतं."

बोट लावलं. संचाचं नाव "नाही". आत तीन चित्रं: मास्तर सरळ, मास्तर उलटे फिरवलेले, मास्तर तिरके. तीनही नाहीच. बनवणाऱ्याचं नाव: "कुणीतरी".

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मास्तरांनी आधी ते चित्र कॉम्प्युटरवर घेतलं. पंचनामा करायचा म्हणून. कान, बोट, किनार, सगळे गुन्हे मोठे करून बघायचे आणि मनसोक्त संतापायचं, असा बेत होता. मागे त्यांनी गडद निळा रंग भरला, म्हणजे पारदर्शक कुठे आहे ते कळतं. मग डाव्या गालाशी झूम केलं आणि त्यांचा हात थांबला.

चष्म्याची दोरी गालाशेजारून लोंबत होती आणि दोरी न् गाल यांच्यामध्ये एक फट होती, थेंबाएवढी. त्या फटीतून निळा रंग दिसत होता. म्हणजे फट कापलेली होती. फोनच्या आपोआप कापण्यात अशा फटीत मागची भिंत तशीच राहते, किंवा दोरीच उडून जाते. इथे दोरी शाबूत होती, सुतासारखी, आणि भिंतीचा पिवळा कणही कुठे नव्हता. हे हाताने केलेलं होतं, बिंदू बिंदू टाकत. आणि बाहेरची रेघ दोरीची जाडी राखत आतल्या रेघेच्या मागोमाग गेलेली होती, म्हणजे हे करणाऱ्याने आधी आतली फट कापली होती, मग बाहेरची कड. आधी छिद्रं, मग काठ. छापखान्यात मास्तर असंच करत, कारण बाहेरून आधी कापलं की कागद हातात लुळा पडतो आणि आतलं नीट कापता येत नाही. कॉम्प्युटरवर याची काही गरज नाही. तरीही त्यांनी आयुष्यात एकाच व्यक्तीला तसं शिकवलं होतं आणि ती वादही न घालता तसं करत असे.

जिला दोरीची फट दिसते तिला कान दिसत नाही?

मास्तर त्या डुगडुगत्या स्टुलावर बसले. पोरीने कान मुद्दाम कापला होता. बोट मुद्दाम टेकवलं होतं. किनार मुद्दाम खाल्ली होती. गावजेवणाचं आमंत्रण दिलं असतं तरी बाप बोलला नसता. वाईट कडा दाखवली तर बोलल्यावाचून राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांना पहिल्यांदा आला तो राग, की आपल्याला एवढं ओळखून कुणी असावं. मग त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दार लोटून घेतलं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या तासाने यायला सांगितलं.

पण आनंद झाला म्हणून काही लगेच फोन करायचा नसतो. बोलणं कामातूनच व्हायला हवं, असं मास्तरांनी ठरवलं. ते असं चित्र करून टाकतील की त्यात बोट ठेवायला जागा राहणार नाही. ते बघून ती समजेल. मग ती बोलेल. अर्थात आधी तीच बोलेल.

कान परत आणायचा तर मूळ फोटो हवा. स्टिकरमध्ये जे कापून गेलं ते गेलं. फोटो भावाने काढलेला. त्याला मागताना मास्तरांनी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला. "तो माझा फोटो पाठव. फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाही तर दाबला जातो."

"अरे वा. आवडलं वाटतं?"

"पाठव."

दुपारभर ते काम चाललं. आधी दोन्ही दोऱ्यांच्या फटी, मग बाहेरची कड. सगळी कड एक पिक्सेल आत घेतली, कारण भिंतीचा पिवळेपणा केसांच्या टोकांवर चढला होता. मग हिशेब. पाचशे बारातून दोन्हीकडचे सोळा गेले की राहतात चारशे ऐंशी. त्यात किनारीचे आठ दोन्हीकडून. म्हणजे माणूस चारशे चौसष्टात बसायला हवा. मास्तर बसले, बोटासकट. किनार घातली तर दोरी दोन्ही बाजूंनी फुगली आणि फट जवळजवळ बुजली. हौशी माणूस तिथेच खलास होतो. मास्तरांनी दोरी जराशी बाहेर ओढून फट रुंद केली, म्हणजे दोन्हीकडची किनार येऊनही मधे थोडी जागा राहिली. काळ्यावर बघितलं, पांढऱ्यावर बघितलं, फुलाफुलांवर बघितलं. मास्तर सगळीकडे अख्खे होते.

चढवायचं कसं, ते बायकोने दाखवलं. मास्तर चकित झाले. "तुला हे कुठून येतं?"

"येतं थोडंथोडं," ती म्हणाली. कुणी शिकवलं ते मास्तरांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तीन हवीत म्हणून एक अख्खं, एक नुसतं तोंड, एक नुसतं बोट, असा संच केला. बनवणाऱ्याचं नाव विचारल्यावर मास्तरांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: "दुसरं कुणीतरी".

ग्रुपवर वाहवा झाली. भाऊ म्हणाला, दादा आता माणसात आला. भावजयीने जुनं काढून टाकलं आणि नवं वापरायला घेतलं. कान दोन्ही, केस काळे, शर्ट पांढरा. मुलीने ते बघितल्याची खूण आली. बाकी काही आलं नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला. मास्तर फोन उलटा ठेवत आणि सुलटा करून बघत. आई-मुलीचा नेहमीचा फोन झाला तेव्हा ते दाराशी पेपर वाचत उभे राहिले. स्टिकरचा विषय निघाला नाही. रात्री जेवताना त्यांच्याच्याने राहवेना.

"काही म्हणाली का?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? माझ्या कामाबद्दल."

बायकोने पोळी वाढली. "चांगल्या कामाला काय म्हणायचं असतं? तुम्ही कधी म्हणालात? ती दहा चित्रं नीट करायची, तुम्ही गप्प. अकरावं बिघडलं की तुमचं तोंड उघडायचं. या घरात चुकल्याशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही, अहो. मी मीठ बरोबर घालते, तेव्हाही तुम्ही गप्पच असता."

मास्तरांनी मान खाली घालून जेवण संपवलं. मीठ खरंच बरोबर होतं. ते तसं म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते ताट उचलून मोरीकडे गेले.

सकाळी दुकानात त्यांनी एक जुना फोटो शोधून काढला. बायकोने कधीतरी दाराशी उभं राहून घेतलेला. मास्तर कॉम्प्युटरपुढे, मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघतेय, वेणी पुढे आलेली, दोघांच्याही कपाळाला अगदी सारख्या आठ्या. त्यांनी दोघांना एकत्र कापलं. मधे कड घातलीच नाही, बाहेरून दोघांना मिळून एकच. कोपराखालची फट आधी. मग काठ. वेणीच्या टोकाचे सुटे केससुद्धा राखले. आकार घातला, जागा सोडली, किनार दिली. आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांपैकी ते एक होतं.

मग ते बिघडवायला बसले.

हे सोपं नव्हतं. चौकोन तेवढाच ठेवून त्यांनी आकृती मोठी केली. वेणीचं टोक कडेला लागलं. आणखी मोठी केली, वेणी छाटली गेली आणि तिथली किनारही सपाट तुटली. माउसवरचा त्यांचा हात दोनदा आपोआप परत फिरला आणि सगळं होतं तसं झालं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. बघितलं, तर एवढंच बस होईल का, असा संशय आला. पोरगी हल्ली कंपनीत आहे, कामाच्या गर्दीत दिसायचं नाही. म्हणून कोपराखालच्या फटीत त्यांनी दुकानाच्या भिंतीचा एक तुकडा परत आणून ठेवला. चूक फिकट चॅटवर दिसते का, काळ्यावर दिसते का, हे नीट तपासलं. काळ्यावर भिंतीचा तुकडा पुरेसा खटकत नव्हता, तो त्यांनी जरा उजळ केला. छापखान्याचा फोरमन असता तर त्याने मास्तरांना तिथल्या तिथे घरी पाठवलं असतं.

घरी येऊन त्यांनी संचात ते चौथं घातलं आणि ग्रुपवर टाकलं. बायको शेजारी बसून बघत होती.

"वेणी कापली गेलीय," ती म्हणाली.

"तुला काय त्यातलं कळतं?" मास्तर म्हणाले.

ती हसली, पण तोंड फिरवून. भावाने ग्रुपवर हृदय टाकलं, भावजयीने दोन टाकली. छान आलंय, दादा, मस्त जोडी. कुणालाही काही दिसलं नाही. मास्तरांना त्या माणसांची फार कीव आली.

मग फोन वाजला. बायकोने सवयीने स्वतःचा उचलला, तर तो गप्प होता. वाजत होता तो मास्तरांचा.

त्यांनी लगेच घेतला नाही, आवाज साफ केला. मग घेतला.

"बाबा," मुलगी म्हणाली. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "सोळा सोडले नाहीत."

"हो का?"

"वेणी छाटलीय माझी. आणि कोपराखाली भिंत ठेवलीत. एवढी मोठी फट, तुम्हाला दिसली नाही? आधी छिद्रं ना?"

"बघतो," मास्तर म्हणाले.

"बघतो काय? आणि त्या आधीच्यातसुद्धा, दोरी ओढून बाहेर घेतलीत तुम्ही, मूळ फोटोत तशी नाही ती. ते खोटं झालं. किनार आठच हवी असं आहे कुठे, तिथे सहा चालली असती."

हे साफ चूक होतं. सहाने काळ्यावर दोरी हरवली असती, दहा वेळा करून बघितलेली गोष्ट. मास्तरांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते खुर्चीत नीट बसले, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, "अजून काय काय चुकलंय?"

आणि ती सांगू लागली.